चाळीस काढताना

तोंडी परीक्षेसाठी बाहेर ताटकळत बसलेल्या मुलाला विचारावं, वादळात होडी घेऊन जातोस का, तर तो एका पायावर तयार होईल. निदान समुद्र कुणाला प्रश्न तरी विचारत नाही. प्रीतल तर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली पोर. बापाची बोट वादळात अडकली होती तेव्हा आईच्या बाजूला किनाऱ्यावर उभं राहून तिनं वाट बघितलेली. पण तेव्हासुद्धा ती एवढी घाबरली नव्हती. विरारच्या पूर्वेला, फुलपाड्याच्या पुढे असलेल्या त्या कॉलेजात, लॅबच्या बाहेरच्या बाकावर ती बसली होती आणि ओढणीला तळहात पुसून पुसून ओढणीचं टोक ओलंचिंब झालं होतं.

विषय होता डेटा स्ट्रक्चर्स. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी रचून ठेवायची, याचं शास्त्र. या विषयात प्रीतलला केटी लागली होती, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा होता, तोही काही पहिल्यांदा नव्हे. आजची तोंडी ही शेवटची खेप. आज नापास झाली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर कॉलेजच गेलं. कारण घरात सगळं ठरून गेलं होतं. कळंबला काकाची कॉटेजेस आहेत, तिथं येणाऱ्या पाहुण्यांना चाव्या द्यायच्या, चादरी मोजून घ्यायच्या, आणि एखादं बरं स्थळ आलं की लग्न. काका चांगला माणूस होता, चादरीही स्वच्छ असायच्या. पण प्रीतलला त्या चादरींची धास्ती वाटायची. एकदा तिथं बसलं की उठायचं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

शेजारी रोवेना होती, उमेळ्याची. दोघींची केटी एकच, भीतीही एकच. रोवेनाच्या मम्मीनं सांगून ठेवलं होतं की पुन्हा फेल झालीस तर फी भरायची नाही, कुवेतला मावशीकडे जायचं आणि तिची मुलं सांभाळायची. मम्मी बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. वाडी विकायची म्हणाली आणि विकलीही, आता तिथं सात मजली बिल्डिंग उभी आहे.

खरं सांगायचं तर प्रीतलला या विषयातलं जे काही येत होतं ते रोवेनामुळे. गेला महिनाभर रोज दुपारी ती उमेळ्याला जायची आणि रोवेना तिला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर खडूनं गोल काढून शिकवायची. कॉलेजात जे डोक्यावरून जायचं ते त्या ओट्यावर डोक्यात शिरायचं. मिन हीप म्हणजे काय, तर उलटं झाड. मूळ वर, फांद्या खाली. प्रत्येक गोलात एक आकडा, प्रत्येक गोलाखाली जास्तीत जास्त दोन गोल. वरच्याला रोवेना बाप म्हणायची आणि खालच्यांना पोरं. नियम एकच.

"इथं बाप पोरांपेक्षा नेहमी लहान असतो," रोवेना सांगायची. "आपल्या घरच्या उलट. म्हनून सगळ्यात लहान तो सगळ्यात वर. काय पन कर, शेवटी प्रत्येक पोराचा बाप बघ. लहान हाय ना? मंग बरोबर."

प्रीतलनं ते पाठ केलं नव्हतं. पाठ करायला ते काही सूत्र नव्हतं, ओट्यावर खडू घासत सहज बोललेलं वाक्य होतं. पाठ केलं होतं ते दुसरंच, उन्नती मॅडमचं.

उन्नती मॅडम हा विषय शिकवायच्या. वयानं लहान, दर वर्षी नव्यानं करार होणाऱ्या, आणि त्यामुळेच असेल, पण वर्गात कमालीच्या कडक. टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मार्क त्यांच्या हातात. त्यांना फाटे फोडलेलं उत्तर आवडत नसे. त्यांनी मुलांना एक ओळ दिली होती आणि ती सगळा वर्ग बालवाडीतल्या पोरांसारखा एका सुरात म्हणायचा. घालताना वर, काढताना खाली. हीपमध्ये नवा आकडा घातला की तो वर वर सरकतो, आणि आकडा काढला की जागा भरायला आणलेला आकडा खाली खाली सरकतो. जर्नलमध्ये जेवढी उदाहरणं होती ती सगळी झाडाच्या शेंड्यावरचा सगळ्यात लहान आकडा काढण्याची होती. तिथं ती ओळ तंतोतंत लागू पडायची. मग कोण कशाला शंका काढतो?

परीक्षक बाहेरून आले होते, पालघरच्या बाजूच्या कुठल्याशा कॉलेजातून. चंद्रहास म्हात्रे. त्यांच्याबद्दल दाराबाहेर मोठी दहशत पसरली होती, आणि गंमत म्हणजे ते कुणावर ओरडले नव्हते. तेच तर भयंकर होतं. प्रश्न विचारायचे, मूल कागदावर करून दाखवायचं, ते बघायचे आणि म्हणायचे, ठीक आहे. आणि काहीतरी लिहायचे. बरोबर आलं तरी ठीक आहे, चुकलं तरी ठीक आहे. चेहऱ्यावरून काडीचा पत्ता लागत नसे. नेल्सन सगळ्यात आधी जाऊन आला होता आणि त्याला विचारलं तर म्हणाला, पास की नापास ते मला विचारू नका, सर माझ्याकडे बघून बघून माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

अशा वेळी मुलं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. आतून बाहेर येणाऱ्याला दारातच घेरायचं आणि विचारायचं, काय विचारलं? नेल्सननं सांगितलं, सात आकडे देतात, मिन हीप बांधायला लावतात, मग चाळीस काढायला सांगतात. प्रत्येक पायरी काढून दाखवायची. त्याच्यानंतर रिचेल गेली, तिलाही तेच. आकडेसुद्धा तेच. मग रोवेना गेली. बाहेर येताना तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती हसत होती.

"सेम," ती प्रीतलच्या कानाशी म्हणाली. "घाबरू नको. चाळीसच्या जागी दहा आन. खाली कोनी पोरंच नाहीत, म्हनजे खाली जायचंच नाही. दहा तिथंच. झालं. सगळ्यांनी तेच केलं."

"सर काय म्हनाले?"

"ठीक आहे म्हनाले."

प्रीतलनं क्रूसाची खूण केली, उत्तर मनात घोकलं आणि दार ढकललं.

आत पंखा फिरत होता. टेबलाच्या एका बाजूला म्हात्रे सर, त्यांच्याशेजारी उन्नती मॅडम. मॅडमच्या पुढ्यात टर्मवर्कची फाइल, सरांच्या पुढ्यात आधीच्या मुलांचे कागद पालथे घातलेले. प्रीतलला खुर्ची दाखवली तर ती अशी बसली की खुर्ची अर्धीच भरली. सरांनी कोरा कागद सरकवला आणि आकडे सांगितले. आठ, तीस, बारा, चाळीस, पस्तीस, पाच, दहा. याच क्रमानं घाला. पायरी पायरीनं दाखवा.

पेन हातातून निसटत होतं. पण आकडे घालणं तिला येत होतं आणि येत असलेली गोष्ट करताना माणसाला थोडा वेळ का होईना, जीव परत आल्यासारखा वाटतो. आठ पहिला, तो शेंड्यावर. तीस त्याच्याखाली डावीकडे, बारा उजवीकडे. दोघेही आठपेक्षा मोठे, काही हलवायला नको. नवा आकडा नेहमी सगळ्यात खालच्या रांगेत, डावीकडून पहिल्या मोकळ्या जागी ठेवायचा, म्हणून चाळीस आला तीसच्या खाली डावीकडे आणि पस्तीस तीसच्याच खाली उजवीकडे. तीस दोघांपेक्षा लहान. छान.

मग पाच. पाचची जागा बाराच्या खाली डावीकडे. पण पोरगा पाच आणि बाप बारा, हे चालायचं नाही. तिनं नवं चित्र काढलं आणि दोघांची अदलाबदल केली. आता पाचचा बाप झाला आठ. तोही मोठाच. आणखी एक चित्र, आणखी एक अदलाबदल. पाच शेंड्यावर गेला, आठ त्याच्या खाली उजवीकडे उतरला आणि बारा आठच्या खाली. राहता राहिला दहा. तो आला आठच्या खाली, बाराच्या शेजारी. आठ दहापेक्षा लहान, म्हणजे दहा तिथंच राहिला.

तिनं शेवटचं चित्र नीट काढलं. वर पाच. त्याच्याखाली डावीकडे तीस, उजवीकडे आठ. तीसखाली चाळीस आणि पस्तीस. आठखाली बारा आणि दहा.

"ठीक आहे," म्हात्रे सर म्हणाले. "आता चाळीस काढा."

प्रीतलचं उत्तर तयार होतं. मधला आकडा नुसता खोडून चालत नाही, झाडात भोक पडतं. म्हणून खालच्या रांगेतला सगळ्यात शेवटचा आकडा उचलायचा आणि त्या भोकात ठेवायचा. शेवटचा होता दहा. तिनं आठच्या खालचा दहा खोडला, चाळीस खोडला, आणि चाळीसच्या जागी दहा लिहिला. आता काढताना खाली. दहाच्या खाली कुणी नाही. झालं. तिनं पेन खाली ठेवायला हात उचलला.

आणि तिची नजर दहाच्या वर गेली. का गेली, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. महिनाभर ओट्यावर चित्र पुरं झालं की रोवेना खडूनं एकेका पोरावर टिचकी मारायची, याचा बाप बघ, त्याचा बाप बघ. ती सवय हाताला लागली होती. दहाचा बाप तीस होता.

तीस वर आणि दहा खाली. हे बरोबर कसं असेल? पण नेल्सननं हेच केलं होतं. रिचेलनं हेच केलं होतं. रोवेनानं, जिनं तिला शिकवलं त्या रोवेनानं हेच केलं होतं, आणि सर ठीक आहे म्हणाले होते. सगळे चुकतील आणि ही एकटी बरोबर असेल, असं आजवर कधी झालं होतं? प्रीतलला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा या तिघांवर जास्त भरवसा होता. घाबरलेल्या माणसाला आपले डोळेच आधी खोटे वाटतात.

ती थांबलेली बघून उन्नती मॅडमनी घसा खाकरला. सर कागदाकडे बघत होते. मॅडमनी टेबलाच्या कडेला ठेवलेलं पेन हळूच टोकावर उभं केलं आणि खालच्या दिशेला दोनदा टेकवलं. खाली. मॅडम तिला मदत करत होत्या. मॅडमच्या मनात काही वाईट नव्हतं, आपला वर्ग पास व्हावा एवढंच त्यांनाही हवं होतं. पण त्या मदतीनंच प्रीतलची पंचाईत झाली. आता खाली नाही गेली, तर मॅडमचं न ऐकल्यासारखं होणार. आणि खाली गेली, तर तीस दहाच्या वर बसलेला तिला दिसतोय. डोळे मिटून घेतले असते तरी तो दिसला असता.

तिनं पेन उचललं. पहिला गोल वाकडा आला. तिनं नवं चित्र काढलं आणि दहा आणि तीसची अदलाबदल केली. दहा वर, तीस खाली. मग दहाचा नवा बाप बघितला, पाच. लहान. इथं थांबायचं. तिनं एकेका पोराचा बाप बघितला. दहाखाली तीस आणि पस्तीस, आठखाली बारा. सगळं जागच्या जागी होतं.

म्हात्रे सरांनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली. त्यांनी चित्र आपल्याकडे वळवून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं की आता पाच काढता येईल का. फुकट लागलेला नेम आहे की काय, ते त्यांना बघायचं असणार. प्रीतलनं पाच काढला. शेवटचा आकडा बारा, तो शेंड्यावर ठेवला. आता बाराला बाप नाही, वर जायचा प्रश्नच नाही. खाली दोन पोरं, दहा आणि आठ. घाईत ती दहाशी अदलाबदल करणार होती, तेवढ्यात लक्षात आलं की दहा शेंड्यावर गेला तर आठचा बाप दहा होईल, पुन्हा तोच घोळ. दोघांतला लहान निवडायचा. तिनं आठ वर नेला, बारा खाली आणला. बाराखाली आता कुणी नव्हतं. वर आठ, त्याखाली दहा आणि बारा, दहाखाली तीस आणि पस्तीस. संपलं.

"वा," सर म्हणाले.

ठीक आहे नाही. वा. प्रीतलला रडू येईल असं वाटलं.

मग त्यांनी खुर्चीत मागे रेलून अगदी साधा प्रश्न विचारला. "तुला कुणी शिकवलं हे? काढताना वरही जावं लागतं म्हणून?"

बघा, आजवर विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सोपा. उत्तर एका शब्दाचं, आणि ते तिला येत होतं. रोवेनानं. पण उन्नती मॅडम तिच्याकडे बघत होत्या. पेन अजून त्यांच्या बोटात होतं, आणि टर्मवर्कच्या फाइलवर त्यांचा तळहात होता. मॅडमनी शिकवलं नाही म्हटलं, तर मॅडम काय करतील? फाइलमध्ये एक आकडा कमी लिहायला किती वेळ लागतो? प्रीतलला कळंबच्या चादरी दिसल्या, घड्या घातलेल्या, एकावर एक.

"मॅडमनी," ती म्हणाली.

मॅडमच्या हातातलं पेन आडवं झालं.

म्हात्रे सरांनी मान डोलावली आणि पालथे घातलेले कागद सरळ केले. त्यांचा आवाज तसाच शांत होता. आधीची तिघंही याच जागी चुकली, असं ते मॅडमना म्हणाले. दहा तीसच्या खाली ठेवून मोकळी झाली. मला वाटलं हे वर्गात घेतलंच नसेल, बरेचजण घेत नाहीत, सगळे वरचा आकडा काढायला शिकवतात आणि पुढे जातात. सगळी पोरं एकाच ठिकाणी अडखळली तर चूक पोरांची नसते. म्हणून मी ठरवलं होतं की हा प्रश्न मार्कांत धरायचा नाही, प्रत्येकाला परत बोलवून दुसरं काहीतरी विचारायचं.

"पण शिकवलं होतं म्हटल्यावर प्रश्न धरायला हवा," ते म्हणाले. "ऐकलंच नाही त्याला आपण काय करणार? जा तू. शाबास."

प्रीतलला आत्ताच बोलायचं होतं. सर, नाही, मॅडमनी नाही, एवढंच. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण मॅडमनी फाइल उघडली होती आणि तिच्या नावासमोर काहीतरी लिहीत होत्या, आणि लिहिताना त्या किंचित हसल्या. प्रीतल उठली आणि बाहेर आली.

दारातच सिद्धेशनं तिला गाठलं. फुलपाड्याचाच मुलगा, वडील मुंबईला नोकरीला, सकाळपासून त्याचं चौथ्यांदा पाणी पिऊन झालं होतं. त्यानं कुजबुजत विचारलं, खालीच ना? मागून मॅडमनी त्याचं नाव पुकारलं. प्रीतलनं त्याच्या कानात सांगितलं की खाली नाही, वर, दहाचा बाप तीस आहे बघ. त्याचे डोळे विस्फारले आणि तो आत गेला. निदान एकाला तरी वाचवलं, असं तिला वाटलं. ते वाटणं फार वेळ टिकलं नाही.

कारण रोवेना बाकावरून उठली होती आणि तिनं ऐकलं होतं.

"वर?" ती म्हणाली. मग ती हवेत बोटानं गोल काढायला लागली. वर पाच, तीस, आठ. बोट दहावर आलं आणि थांबलं. ओट्यावर महिनाभर जी पोरगी बाप बघ म्हणून टिचक्या मारत होती, ती आत गेली आणि भीतीनं मॅडमची ओळ म्हणून आली. तिला ते आता कळलं. ती बाकावर बसली नाही, बाकाची पाठ धरून उभी राहिली.

प्रीतलनं तिला सगळं सांगितलं. न सांगता घरी जाता आलं असतं, आणि खरंच सांगायचं तर जिन्याकडे तिची दोन पावलं पडलीही होती. पण रोवेनाच्या ओठांवर मघाचा तो पांढरेपणा परत आलेला बघून तिला पुढे जाववलं नाही. सरांनी काय विचारलं, आपण काय बोललो, त्यावर सर काय म्हणाले, सगळं. बोलताना तिनं रोवेनाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. रोवेनानं मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आत जा," शेवटी ती म्हणाली. "मी गेली तर फेल झाली म्हनून बोलते असं वाटंल त्यांना. तू जा. तू पास झालीस, तुझं ऐकतील."

आता खरी भीती. आधीची ती काहीच नव्हती. आधी नापास व्हायची भीती होती, आता पास झालेलं हातचं जाईल ही भीती, आणि ही कितीतरी वाईट. मॅडमसमोर, मॅडमना खोटं पाडायचं? तेही त्यांनी मार्क लिहून झाल्यावर? तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. आतून सिद्धेश बाहेर आला, चेहरा असा फुललेला की पास झाल्याचं सांगायलाच नको. तो तिचा हात दाबून थँक यू म्हणाला आणि दार उघडंच राहिलं. मग आत जाण्यावाचून काही उरलंच नाही.

तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. शब्द मागेपुढे झाले, पण सांगितलं. सर, मघाशी मी चुकीचं बोलले. काढताना वर जायचं हे वर्गात कधी झालं नाही. मॅडमनी काढताना खाली एवढंच सांगितलं होतं, सगळ्या वर्गाला विचारा. मला हे रोवेनानं शिकवलं, बाप बघायला तिनं सांगितलं.

सरांनी कागदांतून रोवेनाचा कागद वर काढला आणि तिच्यापुढे धरला. स्वच्छ, सुरेख गोल, प्रत्येक पायरी वेगळी. आणि शेवटच्या चित्रात तीसच्या खाली दहा.

"ही तुला शिकवणार?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "हिनं तर इथं चूक केलीय."

ती घाबरली होती म्हणून, असं प्रीतल म्हणाली. तिला येतं, सर. ओट्यावर येतं. ते बोलताना तिलाच कळलं की हे कुणालाही खरं वाटणार नाही.

म्हात्रे सरांनी मॅडमकडे मान वळवली आणि विचारलं की तुम्ही हे वर्गात घेतलं होतं की नाही. उन्नती मॅडमचा चेहरा उतरला होता. प्रीतलनं तो नीट बघितला, आणि त्या भीतीच्या घटकेतही तिला ओळख पटली. अर्ध्या तासापूर्वी त्याच टेबलासमोर तिचा स्वतःचा चेहरा असाच असणार. मे महिन्यात मॅडमचा करार संपत होता. मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "घेतलं होतं, सर. तिनंच सांगितलं ना मघाशी."

"आणि आत्ताच्या मुलानंही तेच सांगितलं," सर म्हणाले. "त्यालाही बरोबर आलं. मी विचारलं कुणी शिकवलं, तर म्हणाला मॅडमनी."

म्हणजे सिद्धेशही घाबरला होता. अर्थातच घाबरला होता. त्याला वर जा हे कुणी सांगितलं, ते प्रीतलनं आता सांगितलं असतं, तर दारात उत्तर फोडल्याबद्दल दोघंही गेली असती. जे जे तिनं केलं होतं ते सगळं तिच्याच विरुद्ध साक्ष देत होतं, आणि त्यातलं खोटं तेवढं सगळ्यांना पटलं होतं.

म्हात्रे सरांनी रोवेनाचा कागद पुन्हा पालथा घातला. ते रागावले नाहीत. मैत्रिणीसाठी माणूस असं करतो, मी समजू शकतो, असं ते म्हणाले. पण त्यासाठी आपल्या शिक्षकांवर आळ आणू नये. तू हुशार मुलगी आहेस, तुझे मार्क मी बदलत नाही. आता घरी जा.

"पण सर..."

"ठीक आहे," सर म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात ऊन आलं होतं आणि जीवदानीचा डोंगर समोर लख्ख दिसत होता. नेल्सन आणि रिचेल खाली कँटीनला गेले होते, त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. रोवेना एकटीच दारासमोर उभी होती, दप्तर खांद्याला लावून. तिनं प्रीतलच्या चेहऱ्याकडे बघितलं, पण चेहऱ्यावर भरवसा ठेवायला ती तयार नसावी.

"ऐकलं काय त्यांनी?" तिनं विचारलं.

"ऐकलं," प्रीतल म्हणाली. "पन मी पयल्यांदा बोललेली तेच."